सात पूल आणि शेजाऱ्यांची यादी

प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात प्रेगेल नदीच्या मधोमध क्नाइपहोफ नावाचं बेट होतं. बेटावरून उत्तर काठावर जायला दोन पूल होते आणि दक्षिण काठावर जायला दोन. नदीच्या दोन फाट्यांमध्ये पूर्वेला जो भूभाग होता, त्याच्याकडे बेटावरून एक पूल जायचा. त्या पूर्वभागाला दोन्ही काठांशी जोडणारा एकेक पूल होता. असे एकूण सात. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, या प्रश्नाचं उत्तर लिओनार्ड ऑयलरने 1735 साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलं: नाही.

त्याचं कारण समजून घ्यायला बेटावर उभं राहून बघू. फेरीच्या मध्ये कधीही बेटावर आलात, तर एका पुलाने येता आणि दुसऱ्याने जाता. म्हणजे पूल जोडीजोडीने संपतात. बेटाला पूल आहेत पाच. दोन जोड्या लागल्या की एक उरतो. तो वापरायचा तर फेरी बेटावरून सुरू तरी व्हायला हवी किंवा बेटावर संपायला तरी हवी. एखाद्या ठिकाणाला किती पूल येऊन मिळतात, त्या आकड्याला त्या ठिकाणाची डिग्री म्हणतात. डिग्री विषम असेल, तर ते ठिकाण फेरीचं एक टोक असलंच पाहिजे आणि फेरीला टोकं दोनच असतात.

संगणकाला हा नकाशा द्यायचा तर शेजाऱ्यांची यादी पुरते. प्रत्येक ठिकाणापुढे, तिथून पुलाने जिथे जिथे जाता येतं ती नावं लिहायची:

```
बेट: उत्तर उत्तर दक्षिण दक्षिण पूर्व
उत्तर: बेट बेट पूर्व
दक्षिण: बेट बेट पूर्व
पूर्व: बेट उत्तर दक्षिण
```

ओळीतली नावं मोजली की डिग्री मिळाली: 5, 3, 3, 3. चारही विषम, म्हणून फेरी अशक्य. एकही डिग्री विषम नसती तर जिथून निघालो तिथेच परत आणणारी फेरी, म्हणजे ऑयलर सर्किट मिळालं असतं. दोनच विषम असत्या तर त्या दोन ठिकाणांमधला ऑयलर पाथ मिळाला असता.

मग एक किंवा तीन विषम असतील तर? तसं होऊच शकत नाही. प्रत्येक पूल यादीत दोनदा येतो, दोन्ही टोकांच्या ओळींत एकेकदा. वर सात पुलांची चौदा नावं आहेत, मोजून बघा. बेरीज नेहमी सम, म्हणून विषम डिग्रीच्या ठिकाणांची संख्याही समच. प्रोग्रॅमने विषम ठिकाणं तीन दाखवली, तर यादीच चुकली आहे असं समजावं. बहुतेक वेळा पुलाची नोंद एका बाजूला केलेली असते आणि दुसऱ्या बाजूला राहून गेलेली असते.

डिग्रीच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट तपासावी लागते. एकमेकांपासून सुटे दोन त्रिकोण घ्या. सगळ्या डिग्री 2, सगळं सम, तरी एका त्रिकोणातून दुसऱ्यात जायला वाटच नाही. म्हणून ज्यांना निदान एक तरी पूल आहे, त्यातल्या कुठल्याही एका ठिकाणाहून निघून शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत जात राहायचं आणि पूल असलेली बाकी सगळी ठिकाणं गाठता येतात का ते बघायचं. ज्याला एकही पूल नाही, ते ठिकाण सोडून दिलं तरी चालतं. या दोन्ही अटी पाळल्या की फेरी नक्की मिळते, याची पूर्ण सिद्धता मात्र ऑयलरच्या लेखात नाही. ती कार्ल हीरहोल्झरची, त्याच्या मृत्यूनंतर 1873 मध्ये छापली गेली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चूक मात्र अगदी साधी दिसते. पायथनमध्ये शेजारी `list` ऐवजी `set` मध्ये ठेवले, तर तेच नाव दुसऱ्यांदा टिकत नाही. बेट आणि उत्तर काठ यांच्यातल्या दोन पुलांचा एक होतो, दक्षिणेकडेही तसंच. आता डिग्री येतात 3, 2, 2, 3. विषम दोनच. प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता सांगतो की पाथ आहे. विषम ठिकाणांची संख्या दोन, म्हणजे समच असल्यामुळे मघाची सम-विषमाची तपासणीही इथे काही पकडत नाही. ही चूक शोधायला नावं मोजावी लागतात: सात पुलांना चौदा हवीत, इथे दहाच आहेत.

आणि हा चुकीने तयार झालेला नकाशा खरोखर अस्तित्वात आहे. 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत सातांतले दोन पूल नष्ट झाले, एक बेट-उत्तर आणि एक बेट-दक्षिण. याच दोन बाजूंचे उरलेले दोन पूल पुढे काढले गेले आणि त्यांच्या जागी बेटावरून जाणारा एक मोठा उंच रस्ता आला. त्याच्यावरून जिन्याने बेटावर उतरता येतं. त्याचे दोन भाग दोन पूल म्हणून मोजले, तर क्योनिग्सबर्गमध्ये, म्हणजे आजच्या कालिनिनग्रादमध्ये, पाच पूल उरतात. त्यांची फेरी अशी: बेटावरून उत्तर काठावर, तिथून पूर्वभागात, परत बेटावर, मग दक्षिण काठावर आणि शेवटी पुन्हा पूर्वभागात.