पडणे आणि खाली बसणे: खोलीतल्या कॅमेऱ्याला फरक कसा कळतो?

पहाटे दोनच्या सुमाराची एक खोली डोळ्यांसमोर आणू या. एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजी पलंगावरून उठतात. पलंगाच्या कडेला टेकलेला हात काढून त्या काठीकडे वळतात, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना अंदाज चुकतो आणि त्या पलंगाच्या पलीकडच्या बाजूला खाली जातात. खोलीच्या कोपऱ्यात सव्वादोन मीटर उंचीवर बसवलेला कॅमेरा अवरक्त प्रकाशात हे पाहत असतो आणि सेकंदाला पंधरा चौकटी टिपत असतो. कमरेची उंची ८५ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर यायला सुमारे ०.६ सेकंद लागतात, म्हणजे हा सारा प्रसंग अवघ्या नऊ चौकटींत संपतो. या नऊ चौकटींवरून यंत्राने आजी पडल्या की खाली बसल्या हे ठरवायचे असते.

हा निर्णय वेळेवर होणे का महत्त्वाचे आहे, हे इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका पाहणीतून कळते. नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांचा तिथे वर्षभर मागोवा घेण्यात आला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वर्षात ६६ जण पडले आणि त्यांपैकी २० जण कधी ना कधी तासभर किंवा त्याहून अधिक काळ जमिनीवरच पडून राहिले. मदतीसाठी दाबायचे बटण असूनही एकटे असताना पडलेल्या बहुतेकांनी ते वापरले नाही. दीर्घकाळ एकाच कुशीवर पडून राहिले की स्नायूंवर दाब येऊन ते विरघळू लागतात, शरीरातील पाणी कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. हाड मोडले नसले तरी हे घडते. पडलेल्या माणसाने स्वतः काहीही न करता इतरांना कळावे, या गरजेतून कॅमेऱ्याचा विचार पुढे आला.

यंत्र चित्रातून आधी माणूस शोधते आणि मग त्याच्या शरीरावरचे ठरावीक बिंदू ओळखते: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरे, मनगटे, कमरेचे सांधे, गुडघे आणि घोटे, असे बहुधा १७ बिंदू. ते जोडले की काड्यांचा एक सांगाडा तयार होतो. पुढचा सारा हिशेब या सांगाड्यावर चालतो: कंबर किती वेगाने खाली आली, धड किती आडवे झाले आणि त्यानंतर शरीर किती वेळ हलले नाही. साधी पद्धत अशी की कमरेचा खाली येण्याचा वेग सेकंदाला, समजा, १.३ मीटरच्या वर गेला आणि त्यानंतर धड जमिनीजवळ आडवे राहिले, तर इशारा द्यायचा. आजकालच्या पद्धतींत ही मर्यादा माणूस हाताने ठरवत नाही. संगणक उदाहरणांवरून ती शिकतो. तरीही तो शेवटी याच खुणा वजनात धरत असतो.

अडचण बिंदूंच्या डळमळीतपणापासून सुरू होते. अंधुक उजेडात, पांघरुणाखाली किंवा नऊवारीच्या घोळात कमरेचा सांधा नेमका कुठे आहे हे यंत्राला अंदाजानेच ठरवावे लागते आणि दोन लागोपाठच्या चौकटींत हा अंदाज सहज पंधरा सेंटिमीटरने उडी मारू शकतो. दोन चौकटींमधले अंतर १/१५ सेकंद असल्यामुळे कागदावर त्याचा वेग सेकंदाला २.२५ मीटर निघतो. आजी शांत झोपलेल्या असतात आणि यंत्राच्या लेखी त्या कोसळलेल्या असतात. यावर उपाय म्हणून वेगाची एका सेकंदाची सरासरी काढली, तर डळमळ जाते. परंतु मघाशी पाहिलेल्या खऱ्या पडण्यात ६५ सेंटिमीटरची घसरण ०.६ सेकंदांत झाली होती. एका सेकंदाच्या सरासरीत तिचा वेग ०.६५ मीटर उरतो, म्हणजे मर्यादेच्या निम्मा, आणि इशारा वाजतच नाही. खोट्या इशाऱ्यांना आवर घालणाऱ्या उपायानेच खरे पडणे पुसून टाकले. हा संगणकाच्या आज्ञावलीतील दोष नव्हे. या कामाच्या स्वभावातच ती ओढाताण आहे, असे मला वाटते.

त्यातच आपल्या आजी पलंगाच्या पलीकडे पडल्या आहेत. कॅमेऱ्याला आता कंबर आणि पाय दिसत नाहीत, फक्त डोक्याचा थोडा भाग दिसतो. कोणी कॅमेऱ्याच्या दिशेने तोंडावर पडले, तर चित्रात धड फारसे तिरपे होत नाही, ते केवळ आखूड झालेले दिसते. अंतर मोजणारा कॅमेरा असेल तर जमिनीपासूनची खरी उंची काढता येते आणि ही दुसरी अडचण बरीचशी सुटते. पलंगाच्या आडोशाची अडचण मात्र कोणत्याही एका कॅमेऱ्याने सुटत नाही.

आता खोट्या इशाऱ्यांचा हिशेब करू. आजी दिवसभरात पलंगावर आडव्या होतात, खुर्चीत बसतात, खाली पडलेले उचलायला वाकतात, भाजी निवडायला मांडी घालून बसतात, देवापुढे डोके टेकतात. अशा खाली जाण्याच्या चाळीस हालचाली धरल्या, तर वर्षाला १४,६०० होतात. शंभरातील नव्व्याण्णव वेळा अचूक असणारे यंत्र ऐकायला उत्तम वाटते, पण उरलेल्या एका टक्क्याने वर्षाला १४६ खोटे इशारे येतात, आणि त्याच वर्षात आजी खरोखर कदाचित एकदाच पडलेल्या असतात. हजारात एक चूक करणारे यंत्र आणले तरी वर्षाला पंधराएक खोटे इशारे उरतात. म्हणून विक्रीच्या माहितीपत्रकातील अचूकतेच्या टक्केवारीऐवजी दर आठवड्याला एका घरात किती खोटे इशारे येतात, हा प्रश्न विचारावा. आठवड्याला तीन वेळा फोन वाजू लागला की ऐकणारा माणूस तो आवाज बंद करून ठेवतो आणि मग खरा इशाराही ऐकला जात नाही.

प्रयोगशाळेतील आकडे घरात का टिकत नाहीत, याचे कारण शिकवणीच्या उदाहरणांत आहे. पोलंडमधील झेशुव विद्यापीठाने २०१४ च्या सुमारास उपलब्ध करून दिलेला आणि आजही खूप वापरला जाणारा चित्रणसंच पाहिला, तर त्यात ३० वेळा पडणे आणि ४० वेळा रोजच्या हालचाली आहेत. हे पडणे अभिनयाने केलेले आहे, आणि ते तसेच असणार, कारण वृद्धांना मुद्दाम पाडता येत नाही. परंतु खरे वृद्ध कसे पडतात? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील दोन वृद्धनिवासांत २००७ ते २०१० या काळात १३० जणांची २२७ खरी पडणी कॅमेऱ्यात टिपली गेली. त्यांत अडखळून पडण्याचे प्रमाण २१ टक्के होते, तर शरीराचा भार चुकीच्या तऱ्हेने सरकल्यामुळे पडण्याचे प्रमाण ४१ टक्के. तरुण स्वयंसेवकाला पडून दाखव म्हटले की तो धाडकन कोसळतो. म्हातारे माणूस मात्र पुष्कळदा कशाला तरी धरत, घसरत, तीन-चार सेकंद घेत खाली येते. अशा संथ पडण्यात वेगाची मर्यादा ओलांडलीच जात नाही.

त्या कॅनडातील अभ्यासाची एक बाब मला विशेष बोलकी वाटते. त्यातले कॅमेरे भोजनगृहात, बैठकीत आणि मार्गिकेत होते. निजायच्या खोल्यांत नव्हते. ते योग्यच होते. पण त्यामुळे निजायच्या खोलीत माणसे प्रत्यक्षात कशी पडतात, याची खरी उदाहरणे त्या संग्रहात आली नाहीत, आणि आपण नेमका तिथेच कॅमेरा लावायला निघालो आहोत. आपल्याकडे यात आणखी भर पडते. जमिनीवर गादी घालून झोपणे, चटईवर बसून जेवणे, साष्टांग नमस्कार घालणे या हालचाली युरोपात गोळा केलेल्या उदाहरणांत सहसा भेटत नाहीत. जमिनीवर आडवे आणि स्थिर शरीर म्हणजे संकट, असे शिकलेले यंत्र दुपारी सतरंजीवर वामकुक्षी घेणाऱ्या आजींसाठी रोज इशारा देईल.

खासगीपणाचा प्रश्न बहुतेक वेळा चित्रण साठवण्यापुरता मांडला जातो. घरातच बसवलेल्या छोट्या संगणकाने सांगाडा काढून मूळ चित्र तत्क्षणी पुसून टाकले, तर १२८० गुणिले ७२० ठिपक्यांच्या, म्हणजे सव्वानऊ लाख ठिपक्यांच्या चित्राऐवजी केवळ १७ बिंदू उरतात. हा मोठा लाभ आहे, पण पूर्ण झाकण नव्हे. रात्री किती वेळा उठणे झाले, कपडे केव्हा बदलले, चाल किती मंदावली, हे सांगाड्यावरूनही कळते. त्याहून कमी पाहणारे साधन म्हणजे आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचा उष्णता-संवेदक. त्यात माणूस म्हणजे एक ऊबदार डाग असतो. मात्र विदर्भात मे महिन्याच्या दुपारी खोलीचे तापमान त्वचेच्या तापमानाला, म्हणजे ३३-३४ अंशांना, गाठते आणि तो डाग पार्श्वभूमीत विरून जातो.

खासगीपणाचा खरा भंग मला साठवणीपेक्षा इशाऱ्याच्या क्षणी अधिक दिसतो. इशारा आला की कोणीतरी चित्र उघडून पाहते, निदान तशी सोय हवी असते. पुण्यात पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटे झालेली असताना न्यू जर्सीतल्या मुलाकडे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे चार चाळीस असतात. तो बैठकीतून उठून फोनवर आईची खोली पाहतो. खरे पडणे असेल तर ते पाहणे योग्यच आहे. पण साडी बदलताना आजी वाकल्या आणि यंत्र चुकले, तर तो नको ते पाहतो, आणि वर्षाला १४६ खोटे इशारे म्हणजे अशा १४६ शक्यता. उलट चित्र दाखवायचेच नाही असे ठरवले, तर इशारा खरा की खोटा हे दुरून तपासता येत नाही आणि शेजारच्या काकूंना प्रत्येक वेळी किल्ली घेऊन धावावे लागते. त्यामुळे खोटे इशारे कमी करणे आणि खासगीपणा जपणे ही दोन कामे नसून एकच काम आहे.

त्यावर मला पटणारी रचना पायऱ्यांची आहे. संशय आला की पहिल्यांदा खोलीतच आवाज यावा: "आजी, ठीक आहात ना?" त्यांनी उत्तर दिले किंवा त्या उठल्या, तर गोष्ट खोलीतच मिटते. अर्धा मिनिट काहीच झाले नाही, तर घरच्यांना फक्त सांगाड्याची दहा सेकंदांची फीत जावी. तिनेही शंका फिटली नाही तरच खरे चित्र उघडावे, आणि ते कोणी केव्हा उघडले याची नोंद आजींना दाखवता येईल अशी असावी. यातही खोट आहे: रात्री श्रवणयंत्र काढून ठेवलेल्या आजींना तो प्रश्न ऐकू येणार नाही. अशा वेळी इशारा सरळ दुसऱ्या पायरीवर जातो, आणि ते चालण्यासारखे आहे.

कॅमेऱ्यासाठी आजींची संमती कोणी मागायची, हे मात्र कायदा घरापुरते ठरवून देत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. वृद्धाश्रमाची किंवा चित्रण स्वतःकडे साठवणाऱ्या कंपनीची गोष्ट वेगळी. मुलगा आणि आई यांच्यात मात्र विचारणे मुलालाच करावे लागते, आणि तेही कॅमेरा लावण्याआधी, फोनवर तिची खोली त्याला कशी दिसेल ते तिला दाखवून.

बसवल्यावर पहिले दोन आठवडे इशारा कोणालाही न पाठवता केवळ वहीत टिपून ठेवावा. घरातील एखाद्या तरण्याताठ्या माणसाने खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात, दिवा बंद करून, पांघरूण ओढून, पलंगाच्या पलीकडेही, एकदा झटकन आणि एकदा हळूच घसरत आडवे होऊन पाहावे. आजींची दुपारची सतरंजी कुठे पडते तो भाग यंत्राला वेगळा सांगावा, पण तिथे इशारा पूर्ण बंद करू नये. तिथे स्थिर राहण्याची मुदत तेवढी वाढवावी. आपल्या उदाहरणातील पडणे या चाचणीत निसटले, तर उत्तर बहुधा कॅमेरा समोरच्या कोपऱ्यात नेणे किंवा पलंग भिंतीला लावणे इतके साधे असते. न्हाणीघरात कॅमेरा लावायचा नाहीच. तिथे घंटेची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सोडावी, म्हणजे आडवे पडलेल्या हातालाही ती सापडते.