मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसतात तेव्हा

नागपुरातल्या बहुतेक मराठी शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या कपाटात एक लॉगबुक असतं. वर्गात जाऊन पाठ पाहायचा, तारीख, इयत्ता आणि घटक लिहायचा, खाली शेरा द्यायचा आणि शिक्षकाची सही घ्यायची. शेरे ओळखीचे असतात. ‘अध्यापन समाधानकारक.’ ‘फलकलेखनाकडे लक्ष द्यावे.’ ‘शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या मॅडमना यातून नवीन काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की आपल्यावर नजर आहे.

या नजरेचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, हे संशोधकांनी तपासलं आहे. जेसन ग्रिसम, सुझॅना लोब आणि बेंजामिन मास्टर यांनी अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे शंभर शाळांच्या मुख्याध्यापकांमागे निरीक्षक पाठवले. मुख्याध्यापक दिवसभरात कशावर किती वेळ घालवतात, याची त्यांनी नोंद केली आणि ती मुलांच्या प्रगतीशी ताडून पाहिली. 2013 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. वर्गावर्गांतून चक्कर मारून पाहणी करण्यात जिथे जास्त वेळ जात होता, तिथे मुलांची प्रगती उलट कमी दिसली, विशेषतः वरच्या वर्गांच्या शाळांत. शिक्षकासोबत बसून त्याच्या अध्यापनावर काम करण्यात गेलेला वेळ मात्र प्रगतीशी जोडलेला दिसला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. तरीही एक तपशील बोलका आहे. पाहणीकडे शिक्षकांच्या विकासाचं साधन म्हणून जिथे पाहिलं जात नव्हतं, तिथे हा उलटा संबंध जास्त ठळक होता.

असं का व्हावं? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून याचं एक उत्तर मिळतं. त्यांनी काही जणांना शिक्षकाची भूमिका दिली आणि विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला शिकवायला सांगितलं. त्यांतल्या निम्म्यांना आधी बजावलं, की विद्यार्थ्याची कामगिरी ठरलेल्या पातळीवर आणण्याची जबाबदारी तुमची. बाकीच्यांना फक्त शिकायला मदत करा असं सांगितलं. पहिल्या गटातली माणसं खूप जास्त बोलली. त्यांनी सूचना जास्त दिल्या, टीका जास्त केली आणि विद्यार्थ्याला स्वतः विचार करायला जागा कमी ठेवली. वरून आलेला दाब शिक्षकापाशी थांबत नाही, तो पुढे मुलांपर्यंत जातो. मुख्याध्यापकांनी शिक्षकाचं स्वातंत्र्य जपायचं ते केवळ सौजन्य म्हणून नव्हे. मुलाला विचार करायला मिळणारा वेळ त्यावर अवलंबून असतो.

मग मुख्याध्यापकांनी वर्गात जाऊच नये का? जावं, पण कसं जायचं ते बदलावं. एक उदाहरण घेऊ.

समजा, सक्करदऱ्याकडच्या एका अनुदानित शाळेत सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांक चालू आहेत. घटक चाचणीत विचारलं होतं, 0.7 मोठा की 0.35? वर्गातल्या निम्म्या मुलांनी 0.35 लिहिलं, कारण 35 हा 7 पेक्षा मोठा. ही चूक जगभरच्या वर्गांत दिसते. पूर्ण संख्यांचा नियम मुलं दशांश चिन्हाच्या पलीकडेही लावतात.

इथे मुख्याध्यापकांचा अधिकार स्पष्ट आहे. अर्ध्या वर्गाला हा घटक समजलेला नाही, म्हणून तो पुन्हा घ्यायचाच, यावर चर्चा नाही. पण तो पट्टीवर शिकवायचा, चौकटींच्या कागदावर की रुपये-पैशांतून, हे मॅडम ठरवतील. वर्गात जाण्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक त्यांना विचारतात, “मॅडम, उद्या मी काय पाहू?” मॅडम म्हणतात, “सर, मला वाटतं मागची मुलं बोलतच नाहीत. ते बघा.”

दुसऱ्या दिवशी सर मागच्या बाकावर बसतात. हातात वर्गाच्या बैठकीचा कच्चा नकाशा. कोणी उत्तर दिलं की त्या जागेवर एक रेघ. प्रश्न विचारल्यापासून मॅडम पुढचं वाक्य बोलेपर्यंत किती सेकंद गेले, तेही समासात. शेरा एकही नाही. तासिका संपते तेव्हा कागदावर 24 प्रश्न दिसतात. त्यांपैकी 17 उत्तरं पुढच्या दोन ओळींतून आलेली आहेत आणि थांबण्याचा वेळ बहुतेक ठिकाणी एक सेकंदसुद्धा नाही.

हा सेकंद महत्त्वाचा आहे. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा त्यांना दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला, की मुलांची उत्तरं मोठी झाली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली.

सरांना हे ठाऊक असलं तरी त्यांनी लगेच सांगू नये. हाच भाग सगळ्यांत कठीण आहे, कारण खुर्चीची सवय सल्ला देण्याची असते. कागद आधी मॅडमच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, “तुम्हाला यात काय दिसतं?” आपल्याच तासाची नोंद पाहून बहुतेक शिक्षक मुद्द्यावर स्वतः येतात. मॅडम म्हणतील, “थांबतच नाही मी.” मग उपायही त्यांचाच. त्या कदाचित ठरवतील, की प्रश्न विचारला की मुलांनी आधी वहीत लिहायचं आणि मगच हात वर करायचा. दोन आठवड्यांनी सर त्याच नकाशावर पुन्हा रेघा मारतील, आणि 0.7 व 0.35 सारखी पाच उदाहरणं मुलांना सोडवायला दिली जातील. मागच्या ओळीतून उत्तरं वाढली पण उदाहरणं चुकतच राहिली, तर उपाय अपुरा होता हे दोघांनाही दिसेल.

आता खरी अडचण. 1981च्या सेवाशर्ती नियमावलीखाली खाजगी शाळांतल्या शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात, आणि त्यात मुख्याध्यापकांचा हात असतो. आपली उणीव त्याच माणसासमोर कोण उघड करेल? यावर पूर्ण तोडगा नाही, असं माझं मत आहे. धोका कमी मात्र करता येतो. रेघांचा नकाशा शिक्षकाकडेच राहावा, लॉगबुकात किंवा अहवालात त्यातलं काही जाऊ नये. अहवालासाठी पाठ पाहायचा तर तो दिवस वेगळा आणि आधी सांगितलेला असावा. काही गोष्टींना ही मुभा नाही. मुलाला मारणं शिक्षण हक्क कायद्यानेच मना आहे. ते दिसलं तर तो दिवस मदतीचा असो वा नसो, त्याची नोंद होणार. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या सभेतच अशा गोष्टींची यादी वाचून दाखवावी आणि ती छोटी ठेवावी. वेळेवर वर्गात येणं, मुलांना हात न लावणं, ठरलेला अभ्यासक्रम, चाचणीत मागे पडलेल्यांना पुन्हा शिकवणं. यापलीकडे यादी वाढू लागली, टाचण वहीत कोणत्या रंगाने रेघ मारायची इथपर्यंत गेली, की शिक्षकाच्या निर्णयाला जागाच उरत नाही.

गाडी घसरतेय हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सर येणार त्या दिवशीच तक्ते कपाटातून बाहेर येतात आणि मुलं प्रश्न पूर्ण होण्याआधी बरोबर उत्तर देतात. म्हणजे तो तास आधी एकदा होऊन गेलेला असतो.

अहवालासाठी मात्र एकाच माणसाच्या नजरेवर विसंबू नये. अँड्र्यू हो आणि थॉमस केन यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्लोरिडातल्या शिक्षकांच्या चित्रफिती वेगवेगळ्या निरीक्षकांना दाखवल्या होत्या. आपल्याच शाळेच्या शिक्षकांना प्रशासक थोडे जास्त गुण देतात, हे त्यात आढळलं. एकाच निरीक्षकाने दोनदा पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने पाहिल्यावर मूल्यमापन जास्त भरवशाचं ठरलं. आपल्याकडे पर्यवेक्षक आहेत, विषयाचे ज्येष्ठ शिक्षक आहेत. मराठी-संस्कृत शिकवून मुख्याध्यापक झालेल्या सरांनी दहावीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला जरूर बसावं, पण विद्युतधारेचा आशय बरोबर मांडला गेला का, हे ठरवण्याचं काम विज्ञानाच्याच दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवावं.