एकसारखे पेढे आणि वेगवेगळ्या मिठाया: वाटपाची मोजणी नेमकी कुठे फिरते

अनघा, बंडू आणि चिंगी या तीन मुलांना सहा मिठाया वाटायच्या आहेत, तर किती प्रकारे वाटता येतील, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. मिठाया वेगवेगळ्या असतील तर ७२९ आणि सहाही पेढे एकसारखे असतील तर २८. ही दोन उत्तरे एकमेकांच्या जागी लिहिलेली मी इतक्या वेळा वाचली आहेत की त्यांतला फरक एकदा सविस्तर मांडणे भाग आहे.

वेगवेगळ्या मिठायांची मोजणी बहुतेकांना येते. लाडू, बर्फी, करंजी, अनारसा, चिरोटा आणि जिलेबी यांपैकी प्रत्येकीला तीन मुले उपलब्ध आहेत, म्हणून ३ चा सहावा घात, म्हणजे ७२९.

पेढे एकसारखे असले की कोणता पेढा कोणाला गेला हा प्रश्नच उरत नाही. कोणाला किती मिळाले एवढेच उरते. सहा पेढे म्हणून सहा तारे ओळीत मांडायचे आणि त्यांच्यामध्ये दोन रेघा ओढायच्या. पहिल्या रेघेच्या डावीकडचे पेढे अनघाचे, दोन रेघांमधले बंडूचे आणि उरलेले चिंगीचे. ★★|★|★★★ याचा अर्थ २, १, ३ असा होतो, तर ★★★★||★★ याचा अर्थ ४, ०, २ असा होतो. प्रत्येक वाटपाचे एकच चित्र असते आणि प्रत्येक चित्राचे एकच वाटप असते. चित्रात एकूण आठ जागा आहेत आणि त्यांतल्या रेघांच्या दोन जागा निवडल्या की काम संपले: ८ × ७ ÷ २ = २८. मुले तीन असताना रेघा दोनच का, हे चित्र काढले की आपोआप दिसते. सूत्र पाठ करणारे मात्र तिथेच तिसरी रेघ ओढतात.

खरी गफलत पुढे होते. ‘आधी मिठाया वेगळ्या समजून मोजू आणि मग त्या एकसारख्या आहेत म्हणून ६! ने भागू,’ असा युक्तिवाद हमखास केला जातो. ६! म्हणजे ७२०, आणि ७२९ ला ७२० ने भागले तर १.०१२५ येते. वाटपांची संख्या अपूर्णांकात येऊच शकत नाही, म्हणजे चूक उघड आहे. तरीही ती का होते हे समजून घेण्यासारखे आहे.

भागाकार चालतो तो फक्त तेव्हा, जेव्हा प्रत्येक अंतिम उत्तर आधीच्या मोजणीत सारख्याच वेळा आलेले असते. इथे तसे नाही. सहाही मिठाया अनघाला, म्हणजे ६, ०, ० हे वाटप ७२९ मध्ये एकदाच येते, कारण तिला सगळे द्यायचे म्हटल्यावर निवडायला काही उरतच नाही. ३, २, १ हे वाटप मात्र ६० वेळा येते: अनघाच्या तीन मिठाया २० प्रकारे निवडता येतात, उरलेल्या तिनांतून बंडूच्या दोन ३ प्रकारे, आणि शेवटची चिंगीची. २, २, २ हे वाटप तर ९० वेळा येते. ज्या २८ वाटपांमागे कुठे १, कुठे ६० आणि कुठे ९० प्रकार उभे आहेत, त्यांच्याकडे एकाच संख्येने भागून पोहोचता येणार नाही. तारे-रेघांची युक्ती हवी ती याचसाठी; ती भागाकाराची सोपी आवृत्ती नसून तिच्यात मोजण्याची वस्तूच बदललेली असते.

हे कळले की संभाव्यतेतली चूकही सुटते. प्रत्येक पेढा चिठ्ठी टाकून तिघांपैकी कोणालाही दिला, तर प्रत्येकाला दोन-दोन मिळण्याची शक्यता किती? ‘२८ पैकी १’ हे उत्तर चूक आहे. पेढे दिसायला एकसारखे असले तरी चिठ्ठ्या सहा वेळा वेगवेगळ्या टाकल्या गेल्या, म्हणून उत्तर ७२९ पैकी ९०, म्हणजे सुमारे १२ टक्के. २८ पैकी १ म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. एकूण किती वाटपे शक्य आहेत एवढेच २८ सांगते, ती सगळी सारखीच संभाव्य आहेत असे ते कुठेही सांगत नाही. ज्या प्रश्नात ‘यादृच्छिकपणे वाटले’ असे लिहून कसे वाटले ते सांगितलेले नसते, तो प्रश्न माझ्या मते सदोषच समजावा. सगळी वाटपे समान वजनाची धरणे योग्य असते अशी जागा निसर्गात आहे: सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली मांडलेली प्रकाशकणांची मोजणी. पेढे प्रकाशकण नव्हेत.

प्रत्येकाला किमान एक मिळालाच पाहिजे, ही अट किरकोळ आहे. प्रत्येकाच्या हातावर आधी एकेक पेढा ठेवावा आणि उरलेले तीन पेढे तारे-रेघांनी वाटावेत. पाच जागांतून दोन, म्हणजे १०. या अटीसाठी वेगळे सूत्र पाठ करण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण परीक्षेत नेमकी तीच दोन सूत्रे अदलाबदल होतात. मात्र हीच युक्ती वेगवेगळ्या मिठायांना लावली की ती कोसळते. आधी तिघांना एकेक मिठाई ६ × ५ × ४ = १२० प्रकारे, मग उरलेल्या तीन २७ प्रकारे, असा गुणाकार केला तर ३२४० येते, जे अट नसतानाच्या ७२९ पेक्षाही मोठे आहे. अनघाला आधी लाडू आणि मग बर्फी, किंवा आधी बर्फी आणि मग लाडू, हे एकच वाटप दोनदा मोजले गेल्यामुळे असे होते. खरे उत्तर ५४० आहे.

‘किमान एक’ची ही मोजणी जुनी आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीच्या अंकपाशात विचारले आहे की पाच स्थानांतील अंकांची बेरीज १३ असेल, तर अशा संख्या किती? इथे शून्य हा अंक धरलेला नाही. म्हणजे १३ पेढे, पाच मुले आणि प्रत्येकाला किमान एक. त्यांच्या नियमाने बेरजेतून एक वजा करून १२, ११, १०, ९ असे उतरते अंक घ्यायचे, त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ ने भागायचे आणि गुणाकार करायचा, उत्तर ४९५. बेरीज ही स्थानांची संख्या अधिक नऊ यापेक्षा कमी असावी, ही अटही त्यांनी घातली आहे, आणि ती शोभेची नाही. मुलाला दहा पेढे देता येतात, पण एका स्थानावर नऊपेक्षा मोठा अंक बसत नाही. बेरीज १३ असताना चार स्थानांवर एकेक ठेवून पाचव्यावर जास्तीत जास्त ९ च उरतात, म्हणून मर्यादा आड येत नाही. बेरीज १४ घेतली की तोच नियम ७१५ देतो, पण त्यांत एका स्थानावर १० आणि बाकी चारांवर १ अशी पाच अशक्य वाटपे शिरलेली असतात. ती वगळली की ७१० उरतात.