जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु.’: जात दाखल्यासाठी जुन्या नोंदीतली संक्षेपाक्षरे कशी उलगडावीत

कुणबी जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची मृत्यूनोंद शोधली, नक्कल हातात आली आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु.’ निघालं, असं फार ठिकाणी होतं. नोंद खरी असते, पण ते अक्षर काय सांगतं हे कार्यालयाला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या अधिनियमात जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच टाकलेला आहे.

कुणबी इतर मागासवर्गात येतात. त्यामुळे १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे कुटुंबाचा रहिवास ज्या तारखेचा धरतात तिच्याआधीचा, पुरावा सर्वात जड ठरतो. तो बहुधा दोन ठिकाणी मिळतो. एक म्हणजे तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. दुसरं ठिकाण शाळेचं जनरल रजिस्टर. दोन्हींत लिहिणाऱ्याला रकाने अरुंद आणि नोंदी भरपूर, म्हणून शब्द तोडून लिहिण्याची पद्धत पडली.

अर्थ ठरवताना अक्षराआधी रकाना पाहावा. नावाच्या आधी ‘कु.’ असेल तर तो कुमार किंवा कुमारी. सातबाराच्या इतर हक्कात असेल तर बहुतेक वेळा कूळ. जातीच्या रकान्यात असेल तरच कुणबी, आणि तेही त्याच वहीतल्या दुसऱ्या नोंदींनी आधार दिला तर. कोकणात ‘ति. कुणबी’ दिसतं, ते तिल्लोरी कुणबी. एकट्या ‘म.’वर मात्र कधीच विसंबू नये. मराठा, महार, माळी यांपैकी काहीही असू शकतं.

संक्षेप दाखवायला जुने लेखनिक टिंबाऐवजी अक्षरापुढे बारीक पोकळ गोल काढत. त्याला लाघवचिन्ह म्हणतात. हा गोल अनुस्वार किंवा शून्य समजला गेला की ‘कु॰’चं ‘कुं’ होतं आणि नकलेत भलतंच अक्षर उतरतं. नक्कल घेताना हे तिथल्या तिथेच मूळ पानाशी ताडून पाहावं.

आता एक नमुना उलगडून पाहू. नावे काल्पनिक आहेत, घडण मात्र खऱ्या नोंदीची आहे:

‘शके १८५२ फा. व. ८, मयत राघू व. भिका, कु., रा. मौजे मजकूर, वय ६०, ताप. खबर देणार सखू भ्र. राघू, नि. अं.’

यात ‘व.’ दोनदा आला आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. तारखेत तो वद्य, नावात वल्द, म्हणजे राघू हा भिकाचा मुलगा. काही वह्यांत त्याच जागी ‘बिन’ असतं, अर्थ तोच. ‘रा.’ म्हणजे राहणार, ‘मौजे मजकूर’ म्हणजे हेच गाव, ‘नि. अं.’ म्हणजे निशाणी अंगठा. सर्वात घातक चूक ‘भ्र.’ वाचताना होते. भ्र. म्हणजे भ्रतार, म्हणजे नवरा. सखू ही राघूची बायको. ‘भ्राता’ समजून तिला बहीण करून टाकलं की वंशावळीतलं नातंच चुकतं आणि पुढे कोणताच कागद दुसऱ्याशी जुळत नाही. ‘कोम’ हा शब्दही बायकोसाठीच येतो.

तारखेतही खड्डा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंतच खरं. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन वद्य ८ होळीनंतर येते, म्हणून ही नोंद मार्च १९३१ची. ७८ मिळवले तर १९३० येतं आणि मुलाच्या शाळेतल्या नोंदीशी मेळ बसत नाही. शिवाय उत्तरेकडच्या पंचांगात हाच पंधरवडा चैत्र कृष्ण म्हणून छापलेला असतो. पडताळायला महाराष्ट्रातलं, अमावास्येला महिना संपणारं पंचांगच घ्यावं.

अर्ज करताना नकलेपासून सुरुवात करावी. अभिलेख कक्षात गावाचं नाव, नमुना नंबर १४ आणि अंदाजे वर्षांचा पट्टा लिहून प्रमाणित नक्कल मागावी. एका ओळीचा उतारा घेऊ नये. रकान्यांची शीर्षके दिसतील असं अख्खं पान मागावं, आणि जमल्यास वहीचं पहिलं पानही, कारण काही वह्यांत तिथेच संक्षेपांची यादी असते. यादी नसेल तर त्याच हस्ताक्षरात, त्याच वहीत, ‘कुणबी’ असं पूर्ण लिहिलेली नोंद शोधावी. पानाच्या पहिल्या ओळीत पूर्ण शब्द आणि खाली नुसते ‘कु.’ किंवा ‘सदर’ अशी रीत असे. आपल्याच भावकीतली पूर्ण नोंद मिळाली तर तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

वही मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे संक्षेप कुठे संपला हेच कळत नाही. लिप्यंतरात ‘कु.’ तसाच ठेवायला सांगावा आणि त्याचा अर्थ खाली वेगळ्या टिपेत मागावा. मजकुरातच ‘कुणबी’ लिहून दिलेलं लिप्यंतर मूळ पानाशी ताडलं की फरक उघडा पडतो.

नेमकी हीच चूक शाळेच्या दाखल्यात जास्त होते. रजिस्टरात ‘हिं. कु.’ असतं आणि चांगल्या हेतूने कोणीतरी दाखल्यावर ‘हिंदू-कुणबी’ लिहून देतं. पडताळणी समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं, तेव्हा दाखला आणि रजिस्टर वेगळे दिसतात. त्याहून वाईट म्हणजे रजिस्टरातच नंतरच्या शाईने ‘णबी’ जोडलेलं असणं. मग त्या कुटुंबाच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो. म्हणून उतारा हुबेहूब घ्यावा.

अर्थ मांडायला वेगळा कागद करावा. त्यावर चार रकाने: कोणत्या दस्ताचं कोणतं पान, मूळ अक्षरे जशीच्या तशी, त्यांचा अर्थ, आणि तो अर्थ कशावरून. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर तो अर्थ सोडून द्यावा.

अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. आज पुण्यात राहत असलात तरी मानीव दिनांकाला कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या प्रांताकडेच करायचा. सोबत अर्जदाराचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबा-पणजोबांच्या नोंदींच्या नकला, वंशावळीचं शपथपत्र, रहिवासाचा पुरावा आणि हा चार रकान्यांचा कागद जोडावा. वंशावळीत नावे नोंदीत आहेत तशीच लिहावीत. राघूला ‘रघुनाथ’ करण्याचा मोह टाळावा. घरात दोन्ही नावे चालत असतील तर ‘राघू उर्फ रघुनाथ’ लिहून, दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे दाखवणारा कागद द्यावा.

अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश मागून घ्यावा, अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. कारण ‘जातीचा स्पष्ट उल्लेख नाही’ असं असेल, तर अपिलात नवं भाषण करण्यापेक्षा त्याच वहीतलं पूर्ण ‘कुणबी’ असलेलं पान जोडण्यात ते दिवस घालवावेत.