पाणी झगडतं की झगडत नाही?

शांग, शान, रुओ, श्वे. चार अक्षरं, आणि क्रमाने अर्थ असा: वरचं, चांगलं, सारखं, पाणी. ‘सर्वश्रेष्ठ चांगुलपणा पाण्यासारखा असतो.’ लाओ त्सूच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या छोट्या चिनी ग्रंथाचा आठवा अध्याय असा सुरू होतो. पुढे म्हटलंय की पाणी सगळ्यांचं भलं करतं, झगडत नाही, लोकांना नकोशा वाटणाऱ्या जागी जाऊन राहतं, म्हणून ते ताओच्या, म्हणजे सृष्टीच्या मूळ वाटेच्या, जवळपास पोचतं.

इतकं सरळ. तरीही तीन-चार भाषांतरं शेजारी ठेवून पाहिली, तर ही एकाच ओळीची भाषांतरं आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. स्तानिस्लास ज्युलियँच्या १८४२ सालच्या फ्रेंच भाषांतरात पाण्यासारखा आहे तो चांगुलपणा नव्हे, तर श्रेष्ठ सद्गुणाचा माणूस. जेम्स लेगच्या १८९१च्या इंग्रजीत ती ‘सर्वोच्च उत्कृष्टता’ आहे. रॉजर एम्स आणि डेव्हिड हॉल यांच्या २००३च्या भाषांतरात चांगुलपणा पार गायब होऊन त्या जागी ‘परिणामकारकता’ आली आहे, आणि त्यांचं पाणी चक्क झगडतं. मूळ ओळीत ‘झगडत नाही’ असताना!

आधी ‘शान’ हे अक्षर पाहू. मराठी माणसाला ते समजायला सोपं जावं, कारण आपला ‘चांगला’ अगदी तसाच वागतो. ‘तो चांगला माणूस आहे’ यात स्वभावाचं कौतुक आहे. ‘तो चांगला पोहतो’ यात फक्त कौशल्याचं. पोहणारा स्वभावाने कसा का असेना. शानचंही असंच आहे. या एका छोट्या अध्यायात ते नऊ वेळा येतं आणि त्याच्या दोन अर्थांमध्ये ये-जा करत राहतं. पहिल्या ओळीत ते नाम असल्यासारखं आहे, तिथे ‘चांगुलपणा’ बसतो. लगेच दुसऱ्या ओळीत ‘पाणी, शान, भलं करणं’ असा क्रम येतो. तिथे शान क्रियापदाच्या आधी आहे, म्हणजे ‘भलं करण्यात पाणी निष्णात आहे’. याच ग्रंथाच्या ६६व्या अध्यायात नद्या आणि समुद्र शेकडो ओढ्यांचे राजे का होतात, याचं कारण दिलंय: खाली राहण्यात ते ‘शान’ आहेत. तिथे अर्थ उघडच कौशल्याचा आहे.

मग पहिल्या ओळीतही तोच घ्यायचा का? घेतला तर ‘सर्वोच्च कौशल्य पाण्यासारखं असतं’ असं होईल आणि ओळ नीतीकडून कसबाकडे सरकेल. लेगची ‘उत्कृष्टता’ आणि एम्स-हॉल यांची ‘परिणामकारकता’ हे दोन्ही शब्द त्या बाजूला झुकलेले आहेत. डी. सी. लाउ यांनी १९६३ साली वेगळी तोड काढली. पहिल्या ओळीत त्यांनी ‘श्रेष्ठ चांगुलपणा’ म्हटलं आणि दुसऱ्या ओळीत पाणी भलं करण्यात ‘सरस’ ठरतं असं म्हटलं. अर्थ नीट लागला, पण मूळ चिनी वाचकाच्या कानावर एकच अक्षर लागोपाठ पडतं, ती गंमत गेली. आपल्याला ‘चांगला’ वापरून ती निम्मीशिम्मी वाचवता येईल असं मला वाटतं.

ज्युलियँचा माणूस कुठून आला? हशांग गोंग, म्हणजे ‘नदीकाठचे बाबा’, या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या चिनी टीकेतून. ती टीका पहिल्या ओळीवर सांगते: श्रेष्ठ शान असलेला माणूस पाण्याच्या स्वभावासारखा असतो. मूळ ओळीत माणूस नाही, पण चिनी व्याकरणाला तो असण्या-नसण्याने फरक पडत नाही. याच अध्यायात पुढे तीन-तीन अक्षरांची सात वाक्यं येतात, आणि पहिलंच आहे ‘राहणं, शान, जमीन’. राहणारं कोण, हे सांगितलेलंच नाही. नदीकाठच्या बाबांच्या मते पाणी: ते गवतावर, झाडांवर पडलं तरी ओघळून जमिनीकडेच जातं. लाउ यांच्या मते तो सर्वसाधारण नियम आहे: घराच्या बाबतीत जागा महत्त्वाची. ज्ञानी माणूस हा कर्ता घेणारेही आहेत.

हे मराठीत करायला बसलं की पंचाईत लगेच कळते. चिनी क्रियापद लिंग, वचन, पुरुष काहीच दाखवत नाही. आपल्याकडे ‘राहतं’ म्हटलं की पाणी झालं, ‘राहतो’ म्हटलं की माणूस झाला, आणि ‘राहावं’ म्हटलं की उपदेश झाला. मूळ लेखकाने उघडं ठेवलेलं दार आपलं क्रियापद लावूनच घेतं. इंग्रजीत लाउ यांना नामांचा आडोसा तरी घेता आला. आपल्याला तेवढाही सुखाने घेता येत नाही.

इथवरचा वाद अर्थाचा होता. १९७३ साली तो अक्षरांचा झाला.

हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे हान काळातल्या थडग्यांचं उत्खनन चाललं होतं. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या तिसऱ्या थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेले ग्रंथ सापडले. त्यात ‘ताओ ते चिंग’च्या दोन प्रती होत्या. अभ्यासक त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू लागले. यातली जुनी कोणती, हे ठरवायची एक युक्ती फार छान आहे. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग. सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायचं नाही असा संकेत होता. ‘अ’ प्रतीत राज्य या अर्थाचं ‘बांग’ हे अक्षर बिनदिक्कत येतं. ‘ब’ प्रतीत ते टाळून दुसरं अक्षर घातलं आहे. म्हणजे ‘अ’ प्रत तो संकेत लागू होण्याआधीची.

आता या प्रतींत आपली ओळ पाहू. त्यासाठी दोन अक्षरं लक्षात ठेवावी लागतील. ‘चंग’ म्हणजे झगडणं, चढाओढ करणं. ‘चिंग’ म्हणजे निश्चल, शांत. उच्चार जवळचे आहेतच, पण लिहिण्यातही नातं आहे: ‘चिंग’च्या उजव्या अर्ध्या भागात ‘चंग’ हे अख्खं अक्षर बसवलेलं असतं, उच्चाराची खूण म्हणून. त्या काळी अशा सम-उच्चारी अक्षरांची अदलाबदल सर्रास होई. जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात आणि वाचणारा मागचंपुढचं पाहून ठरवतो. तसाच काहीसा प्रकार.

शतकानुशतकं चालत आलेल्या प्रचलित पाठात, दुसऱ्या ओळीत पाणी ‘चंग नाही’, आणि अध्यायाच्या शेवटी पुन्हा ‘चंग नाही, म्हणून दोष नाही’. दोन्हीकडे नकार.

‘अ’ प्रतीत दुसऱ्या ओळीत आहे ‘चिंग आहे’. म्हणजे पाण्यात शांती आहे. पण शेवटी ‘चिंग नाही, म्हणून दोष नाही’. शांत नाही म्हणून दोष नाही? हे विचित्र झालं.

‘ब’ प्रतीत दुसऱ्या ओळीत ‘चंग आहे’. पाणी झगडतं! आणि शेवटी ‘चंग नाही, म्हणून दोष नाही’. हेही आपलंच म्हणणं खोडणारं.

म्हणजे ‘अ’च्या लेखनिकाने दोन्ही जागी ‘चिंग’ लिहिलं आणि ‘ब’च्या लेखनिकाने दोन्ही जागी ‘चंग’. एका ठिकाणी ‘आहे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’, हे मात्र दोघांचंही जुळतं. शब्द एकच धरला तर दोन्ही प्रती स्वतःशीच भांडतात. सरळ उलगडा असा की मुळात शब्द दोन होते: पाण्यात शांती आहे, आणि ते झगडत नाही म्हणून त्याला दोष नाही. दोन्ही लेखनिकांनी दोन शब्दांसाठी एकच चिन्ह वापरलं, फक्त प्रत्येकाने वेगळं. मग पुढे कुणीतरी दोन्हीकडे ‘चंग’ वाचून, ओळींचा मेळ बसावा म्हणून पहिल्या ‘आहे’चं ‘नाही’ केलं असेल.

व्हिक्टर मेअरने १९९० साली या रेशमी प्रतींवरून भाषांतर केलं, तेव्हा त्याने दुसरी वाट धरली. पुढे एम्स आणि हॉलही त्याच वाटेने गेले. त्यांनी ‘चंग आहे’ जसंच्या तसं घेतलं आणि ते पुढच्या तुकड्याला जोडलं. त्यांचं पाणी झगडतं, पण कशासाठी, तर लोकांना नकोशी असलेली जागा मिळवण्यासाठी. विरामचिन्हं जवळपास नसलेल्या मजकुरात अशी जोडणी करायला वाव असतो. वाचन मोठं लोभस आहे. सगळे वर चढायला धडपडताहेत आणि हे एकटं तळाकडे धडपडतंय; त्या जागेसाठी दुसरा गडीच नाही, म्हणून भांडणही नाही.

तरी मला पहिला उलगडा पटतो. मेअरच्या वाचनात शेवटची ओळ अवघडल्यासारखी उभी राहते, आणि पाण्याच्या शांतपणाला ग्रंथातच दुसरा आधार आहे: १५व्या अध्यायात गढूळ पाणी स्थिर ठेवलं की हळूहळू निवळतं, असं आहे, आणि तिथेही ‘चिंग’च आहे. अर्थात, दुसऱ्या बाजूने कुणी म्हणू शकेल की प्रचलित पाठातला ‘झगडत नाही’ हाच खरा, कारण ८१वा अध्याय ज्या शब्दांवर संपतो ते हेच: करतो, पण झगडत नाही. हा आक्षेप हलका नाही.

‘अ’ प्रतीत आणखी एक मासलेवाईक जागा आहे. पहिल्याच ओळीत ‘सारखं’च्या जागी ‘ताबा ठेवणं, व्यवस्था लावणं’ अशा अर्थाचं अक्षर आहे. अक्षरशः वाचलं तर ‘श्रेष्ठ चांगुलपणा पाण्याचा बंदोबस्त करतो’, जणू पाटबंधारे खात्याचं ब्रीद! इथे मात्र फारसा वाद झाला नाही. प्राचीन उच्चारात ते अक्षर ‘सारखं’ अर्थाच्या दुसऱ्या एका अक्षराच्या जवळचं होतं, आणि ‘ब’ प्रतीत स्पष्ट ‘सारखं’च आहे.

‘जवळपास’ या शब्दावर भाषांतरकार सहसा थांबत नाहीत, पण तिसऱ्या शतकातला, ऐन विशीत वारलेला टीकाकार वांग बी थांबला. पाणी ताओच्या जवळपासच का, ताओच का नाही? त्याचं उत्तर अवघ्या काही अक्षरांचं आहे: ताओ ‘नसणं’ आहे, पाणी ‘असणं’ आहे. म्हणून जवळपास.

मावांगदुईहून जुनी प्रत मिळाली तर निकाल लागेल, अशी आशा ठेवायला जागा होती. १९९३ साली हुबेई प्रांतात ग्वोद्येन इथे इ.स.पू. ३००च्या सुमाराच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, आणि त्यांवर या ग्रंथातला बराच मजकूर होता. आठवा अध्याय त्यात नाही. त्याच पट्ट्यांमध्ये एक वेगळंच, तोवर कुणाला माहीत नसलेलं टिपण मात्र निघालं. सृष्टी कशी झाली हे ते सांगतं, आणि त्याची सुरुवात आहे: ‘त्या महान एकाने पाण्याला जन्म दिला.’