मीटर मालकाचं, तरी वीज तोडता येत नाही

“मीटर घरमालकाच्या नावावर आहे, मग करार संपायच्या आत घर सोडावं म्हणून त्याने वीज तोडली तर आपण काय करणार?”

इंदूरच्या मराठी घरांत हा समज पक्का बसलाय, पण तो चुकीचा आहे. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्याचं कलम 38 सांगतं की, सबळ कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचं पाणी किंवा वीज बंद करता येत नाही. जिन्यातला दिवासुद्धा त्यात येतो.

पुरवठा बंद केलाच, तर आधी मालकाला पत्र हिंदीत लिहा, म्हणजे पुढे कार्यालयात तेच लावता येईल. त्यात भावना कमी आणि तपशील जास्त असू द्या: “मंगलवार सुबह सात बजे से मेरी मंज़िल का वाल्व बंद है, नीचे पानी आ रहा है.” हे खालच्या मजल्याचं वाक्य फार मोलाचं, कारण त्यातून बिघाड नसून मुद्दाम केलेलं आहे हे दिसतं. भरलेल्या बिलाची प्रत जोडून पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

तरीही पुरवठा सुरू झाला नाही, तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. चौकशी पूर्ण होण्याआधीच पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम आदेश त्यांना देता येतो.

रागाने भाडं मात्र थांबवू नका. थकबाकी हेच घर खाली करवण्याचं कायदेशीर कारण ठरू शकतं.