आयपॅडला मॅक समजणारा सर्व्हर, आणि लॉगमध्ये नेमकं काय ठेवायचं

एखाद्या सॉफ्टवेअरच्या साइटवर गेलात की डाउनलोडचं एकच मोठं बटण दिसतं, आणि त्यावर आधीच "मॅकसाठी" किंवा "विंडोजसाठी" असं लिहिलेलं असतं. तुम्ही काही सांगितलेलं नसतं, साइटने अंदाज लावलेला असतो. बहुतेक वेळा तो बरोबर येतो म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पण समजा एक दिवस तक्रारी यायला लागल्या की आयपॅडवर साइट उघडली तर मॅकची .dmg फाइल मिळतेय, जी आयपॅडवर काही कामाची नाही. आता डेव्हलपर लॉग उघडतो, तर तिथे फक्त platform=macos एवढंच लिहिलंय. हा अंदाज कशावरून लावला, कुठल्या नियमाने लावला, काहीच कळत नाही. मग साहजिक पुढचा विचार येतो की जाऊ दे, ब्राउझर जे जे पाठवतो ते सगळंच साठवूया, नंतर बघू. लोकांच्या माहितीची गडबड नेमकी इथे सुरू होते, आणि गंमत म्हणजे हा बग पकडायला त्या सगळ्याची गरजच नसते.

आधी अंदाज लागतो कसा ते बघू. ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टसोबत युजर-एजंट नावाची एक ओळ पाठवतो. मॅकवरच्या सफारीची ओळ साधारण अशी सुरू होते:

```
Mozilla/5.0 (Macintosh; Intel Mac OS X 10_15_7) AppleWebKit/605.1.15
```

2019 मध्ये आयपॅडओएस 13 आलं तेव्हापासून बहुतेक आयपॅडवरची सफारी डीफॉल्टने ही मॅकचीच ओळख पाठवते, कारण आयपॅडवर मोबाईलची छाटलेली साइट न दिसता डेस्कटॉपची पूर्ण साइट दिसावी असं अ‍ॅपलला हवं होतं. म्हणजे सर्व्हरला पहिल्या रिक्वेस्टवरून मॅक आणि आयपॅड यात फरक करताच येत नाही. फरक कळतो तो पान उघडल्यावर, जावास्क्रिप्टने navigator.maxTouchPoints विचारलं की. मॅकवर उत्तर 0 येतं, आयपॅडवर 5. त्यामुळे "मॅक म्हणतोय पण एकापेक्षा जास्त टच पॉइंट आहेत, म्हणजे आयपॅड" हा नियम आज बऱ्याच ठिकाणी वापरला जातो.

या ओळीत अशा थापा आणि गोठवलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. विंडोज 11 सुद्धा Windows NT 10.0 असंच सांगतं. अँड्रॉइडवरचा क्रोम आता फोनचं खरं मॉडेल आणि व्हर्जन न सांगता सगळ्यांसाठी Android 10; K असं पाठवतो, आणि यामागे कारण आहे ते प्रायव्हसीचं. ही ओळ दिसायला साधी असली तरी माणूस ओळखायला बरीच उपयोगी पडायची. 2010 मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ईएफएफ या संस्थेने मोजून बघितलं होतं, तेव्हा नुसत्या युजर-एजंटवरून सरासरी 1,500 लोकांत एक अशी विभागणी होत होती, आणि फॉन्ट, प्लगइन, स्क्रीन वगैरे जोडलं की त्यांच्याकडे आलेले 83.6 टक्के ब्राउझर एकमेवच निघाले. तेव्हापेक्षा आज ब्राउझर कमी बोलतात हे खरं, पण लॉगमध्ये या ओळीच्या शेजारी आयपी अ‍ॅड्रेस आणि सेकंदापर्यंतची वेळ असेल तर उरलेला लहान गट सहज एका माणसावर येतो.

आता लोकांची अपेक्षा काय असते ते बघू. माझ्या मते हे तितकं अवघड नाही. साइट माझ्या डिव्हाइसप्रमाणे बटण दाखवते हे लोकांना चालतं, उलट तसं नाही झालं तर ते वैतागतात. साइट बिघडली तर दुरुस्त करणाऱ्याला काहीतरी नोंद लागते हेही कोणी समजून घेईल. पण "ही व्यक्ती अमुक तारखेला आयपॅड वापरत होती" असं माझ्या अकाउंटच्या पुढे दोन वर्षांनीही लिहिलेलं असेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात नसतं. माहिती एका कामासाठी दिली जाते आणि त्या कामाचे अलिखित नियम तिच्यासोबत येतात, हा विचार प्रायव्हसीच्या अभ्यासक हेलन निसेनबॉम यांनी 2004 मध्ये नीट मांडला होता. शिवाय अंदाजाच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे, की ही माहिती त्या माणसाने दिलेलीच नसते, आपण ती त्याच्याबद्दल ठरवलेली असते आणि ती चुकीचीही असू शकते.

तर मग डीबगिंगला खरंच काय लागतं? आयपॅडच्या बगमध्ये प्रश्न असा आहे की कुठला नियम चुकतोय आणि कुठल्या टप्प्यावर. हा प्रश्न आपल्या कोडबद्दलचा आहे, माणसाबद्दलचा नाही, म्हणून नोंदही कोडच्या वागण्याचीच ठेवायची. अशी:

```
{"hour":"2025-03-04T10","guess":"macos","rule":"ua-mac",
 "rules_ver":7,"stage":"server","touch":"many","picked":"ipados"}
```

यातला rule म्हणजे कुठल्या नियमाने निर्णय दिला, rules_ver म्हणजे नियमांची कुठली आवृत्ती चालू होती, stage म्हणजे अंदाज सर्व्हरवर लागला की पान उघडल्यावर. touch मध्ये आकडा लिहायचा नाही, none, many किंवा unknown एवढंच, कारण नियमाला तेवढंच लागतं. आणि picked हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना. बटणाखाली "दुसऱ्या डिव्हाइससाठी" अशी लिंक असते ना, तिच्यावर जाऊन माणसाने स्वतः काय निवडलं ते इथे येतं. अंदाज चुकला याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही, कारण तो त्या माणसाने स्वतःच दिलेला असतो (अर्थात कोणी मॅकवर बसून दुसऱ्या कोणासाठीही फाइल उतरवतं, म्हणून एकट्या नोंदीवर जाऊ नये, अनेक नोंदींचा कल बघावा). ही ओळ पान उघडल्यावर आणि निवड झाल्यावर एकदाच पाठवायची, म्हणजे सर्व्हरचा पहिला अंदाज आणि नंतर कळलेला टच एकाच ओळीत येतात, आणि त्या जुळवायला कुठली ओळखखूण लागत नाही.

आता हाच लॉग घेऊन बग शोधूया. guess macos असलेल्या नोंदी घेतल्या आणि touch प्रमाणे दोन ढीग केले. none वाल्या ढिगात जवळपास सगळ्यांनी मॅकच निवडलंय, म्हणजे तिथे नियम ठीक आहे. many वाल्या ढिगात लोक एकसारखे ipados वर जातायत आणि त्या सगळ्यांचा rule आहे ua-mac, stage आहे server. इथेच कळतं की टचचा नियम लिहिलेला आहे, पण बटणावरचा मजकूर सर्व्हरच ठरवून मोकळा होतो, आणि नंतर जावास्क्रिप्टला खरं कळलं तरी बटण कोणी बदलत नाही. दुरुस्ती केली, rules_ver 8 झालं, आणि मग 7 आणि 8 चे many वाले ढीग शेजारी ठेवले की फरक पडला की नाही ते दिसतं. या सगळ्यात कुठेही आयपी लागला नाही, अकाउंट लागलं नाही, युजर-एजंटची पूर्ण ओळ तर नाहीच नाही.

पण एवढ्यावर काम संपत नाही, कारण हा लॉग एकटा नसतो. एनजिनेक्ससारख्या वेब सर्व्हरचा नेहमीचा अ‍ॅक्सेस लॉग, combined नावाच्या फॉरमॅटचा, आयपी आणि युजर-एजंटची पूर्ण ओळ आपोआप लिहून ठेवतो, त्यासाठी कोणी मुद्दाम काही करावं लागत नाही. तुम्ही इकडे काळजीने नोंद छाटली आणि त्यात सेकंदापर्यंतची वेळ किंवा रिक्वेस्टचा आयडी ठेवला, तर दोन्ही लॉग जोडायला एक साधी क्वेरी पुरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून वर hour मध्ये फक्त तासच आहे आणि आयडी नाही. आणि अ‍ॅक्सेस लॉगमधला आयपीही जितके दिवस खरंच लागतो तितकेच दिवस ठेवावा. आयपीचा नुसता हॅश करून "आता निनावी झालं" म्हणणं तर अजिबात बरोबर नाही, आयपीव्ही4 चे पत्ते सुमारे 430 कोटीच आहेत, सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साध्या कॉम्प्युटरलाही फार वेळ लागत नाही.

दुसरी अडचण दुर्मिळ डिव्हाइसची. एखाद्या तासात मॅकच्या नोंदी शेकडो असतील, पण एखादी कमी वापरातली ऑपरेटिंग सिस्टिम असलेला माणूस एकच असेल, आणि मग नाव न लिहिताही तो त्याचाच लॉग होतो. अशा वेळी ठराविक संख्येपेक्षा लहान गट, समजा 20 पेक्षा कमी, सरळ other मध्ये टाकायचे किंवा तासाऐवजी आठवड्याने मोजायचे. याची किंमत आहे, त्या दुर्मिळ सिस्टिमवरचा बग लॉगवरून सापडणार नाही. तिथे माणसाने स्वतः तक्रार पाठवावी आणि पाठवताना कुठली माहिती सोबत जातेय ते त्याला दिसावं, नको ती ओळ काढता यावी, हाच मार्ग मला पटतो.

कधीकधी पूर्ण ओळ खरोखरच लागते, म्हणजे guess unknown आला आणि नवीन ब्राउझर कसा ओळखायचा तेच कळत नाही. मग फक्त unknown वाल्या ओळी, त्यातल्याही थोड्याच नमुन्यादाखल, बाकी कशालाही न जोडता वेगळ्या ठेवायच्या आणि आठवड्यात आपोआप पुसल्या जातील असं करायचं. इथे सांभाळून राहावं लागतं, कारण काही अ‍ॅपच्या आतले ब्राउझर या ओळीत फोनचं मॉडेल, भाषा, कधी मोबाईल कंपनीचं नावसुद्धा घुसडतात. एकदाच दिसलेली ओळ फेकून द्यायची, खूप वेळा दिसलेलीच वाचायची, तसंही नियम लिहायला तीच उपयोगाची असते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सांगितलेलं आणि सापडलेलं जुळत नाही, अशी वेगळी नोंद बनवण्याचा मोह होतो, "म्हणतोय मॅक, निघाला आयपॅड". पण काही लोक स्वतःहून डेस्कटॉप साइट मागतात, काही जण ओळख झाकणारा ब्राउझर मुद्दाम वापरतात. अशा नोंदी अकाउंटला जोडल्या तर ती लपू इच्छिणाऱ्या लोकांची यादीच तयार होते, कोणी ठरवून केलेली नसली तरी. न जुळण्याचा फक्त एकूण आकडा मोजला तरी नियम तपासायला पुरतो. आणि त्या माणसाने एकदा "मला मॅकचीच फाइल हवी" म्हणून निवड केली तर ती निवड त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवावी, पुढच्या वेळी अंदाज लावूच नये, मग लॉगमध्ये लिहिण्यासारखं काही उरतही नाही.